मणेऱ्याच्या पाच कांड्या

उज्वलाने पट्टी जारमधून बाहेर काढली, हवेत दोनदा हलवली, आणि डोळ्यांजवळ धरली. लाकडी पट्टीवर बर्फाची पांढरी रेघ उमटायला हवी होती वीतभर. उमटली जेमतेम बोटभर.

तिला वाटलं, पट्टी तिरकी गेली असेल. पुन्हा बुडवली, बुडाला टेकल्याचा आवाज ऐकला, पुन्हा हलवली. बोटभरच. तिने जारच्या अंगावरून हात फिरवला. बाहेरून कोरडा असायला हवा असा तो जार गळ्यापाशी ओलसर, गार लागला. जार जुना होता. त्याच्या दोन भिंतींमधली पोकळी केव्हाच धड राहिली नव्हती, त्यामुळे आतलं लिक्विड नायट्रोजन भराभर उडून जायचं. नवा जार एकदा भरला की दोन महिने बघायला लागत नाही. हा पंधरा दिवसांत पाणी मागायचा. नवा घ्या, नवा घ्या म्हणून उज्वला दोन वर्षं संस्थेच्या मागे लागली होती, आणि दर वेळी "पुढच्या बैठकीत बघू" एवढंच ऐकून येत होती. बैठकांना काय तोटा!

घोटीच्या बाजाराच्या मागे डांगी गुरं जपणाऱ्या एका संस्थेचं हे छोटं केंद्र. दोन खोल्या, एक सूक्ष्मदर्शक, एक जार, आणि कामाला एकटी उज्वला. जारमध्ये वळूंच्या रेताच्या कांड्या गोठवून ठेवलेल्या, साध्या पेन्सिलीपेक्षाही बारीक, प्रत्येकीवर वळूचं नाव छापलेलं. गाय माजावर आली की शेतकरी येतो, उज्वला कांडी कोमट पाण्यात वितळवते आणि गाय भरवते. कांडी नायट्रोजनात बुडालेली असली तर वर्षानुवर्षं जिवंत. एकदा का ऊब लागली, की संपलं. पुन्हा गोठवून काही उपयोग नाही. मेलं ते मेलं.

आणि ह्याच जारमध्ये मणेऱ्याच्या पाच कांड्या होत्या.

मणेऱ्या म्हणजे नाथा शेतकऱ्याचा वळू. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा, खांदा असा की प्रदर्शनात लोक नुसते बघत उभे राहायचे. भाताच्या चिखलात दिवसभर चालेल, पावसात उभा राहील, खुराला काही व्हायचं नाही. अशी जात आता डोंगरातही बोटावर मोजण्याइतकी उरली होती. गेल्या पावसाळ्यात मणेऱ्याला साप चावला आणि सकाळपर्यंत तो गेला. त्याआधी संस्थेने त्याच्या कांड्या गोठवून घेतल्या होत्या म्हणून निदान तेवढं राहिलं. बहुतेक कांड्या वापरून झाल्या. त्यांतून जन्मल्या त्या जवळजवळ सगळ्या कालवडीच. वळू ठेवण्याजोगा गोऱ्हा एकच जन्मला, तोही दगावला. उरल्या पाच. त्या नाथाच्या मोरकी गाईसाठी राखून ठेवायच्या, असं उज्वलाने त्याला तोंडावर सांगितलं होतं.

"अंबूबाई!" ती दारातून ओरडली. समोर अंबूबाईची चहाची टपरी. केंद्राची किल्ली तिच्याकडे असायची, कारण उज्वला गावोगाव फिरणार, आणि नायट्रोजनची गाडी आली की ड्रायव्हर किल्ली घेऊन जार भरून जाणार. अशीच रीत पडलेली. "मी लसीकरणाला होते तेव्हा गॅसची गाडी आली होती ना?"

"कुठं आली?" अंबूबाई गाळणी झटकत म्हणाली. "मी म्हटलं, तुझं तू बोलली आसशील त्याच्याशी."

लाळ्या-खुरकुताच्या लसीकरणासाठी ती गेले तीन आठवडे डोंगरातल्या पाड्यांवर होती. जाताना मनात निर्धास्त, की गाडी महिन्यातून दोनदा येणारच आहे.

तिने सिन्नरला फोन लावला. सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीतल्या गॅसच्या कारखान्याचं वितरण विश्वेश नावाचा तरुण मॅनेजर बघायचा. दोन महिन्यांपूर्वी जुन्या पुरवठादाराने काम सोडलं आणि ह्यांनी घेतलं.

"मॅडम, आज रविवार आहे," विश्वेश म्हणाला. मागे कुकरची शिट्टी ऐकू आली.

"रविवार मला पण आहे! तुमची गाडी का आली नाही?"

"कुठली गाडी? तुमची खेप पुढच्या महिन्यात आहे."

"पुढच्या महिन्यात? अहो, महिन्यातून दोनदा ठरलंय आपलं!"

"नाही हो, दोन महिन्यांतून एकदा. बायमंथली. करारात तसंच लिहिलंय."

"बायमंथलीच लिहिलंय! म्हणजे महिन्यात दोन वेळा!"

मग कुकर बंद केल्याचा आवाज आला.

"मॅडम," विश्वेश हळूच म्हणाला, "आमच्या कॉम्प्युटरवर बायमंथली टाकलं की एक महिना सोडून एक अशीच तारीख पडते. आमचे बाकीचे जारवाले गिऱ्हाईक तसेच घेतात. त्यांना पुरतं."

"त्यांचे जार नवे आहेत! आणि तुम्ही सुरुवातीला एकाच महिन्यात दोनदा आलात, ते काय होतं?"

"पहिल्यांदा आमच्या नळीचं तोंड तुमच्या जारला बसलं नव्हतं. अर्धाच भरला. दुसऱ्यांदा तो पुरा करायला आलो. ती एकच खेप धरली आम्ही."

उज्वला स्टुलावर बसली. बघा कसं असतं ते. ती दुसरी गाडी आली तेव्हा ती मनात म्हणाली होती, वा, वेळेवर आहेत हं ही माणसं! पुढे एकदा गाडी आली नाही तेव्हा तिने स्वतःच घाईने फोन केला, आणि कारखान्याने तिला 'जादा खेप' म्हणून गाडी पाठवली. तिला वाटलं उशीर झाला, त्यांना वाटलं बाईंना जास्त लागलं. दोघंही खूश. कुणाला कशाचा पत्ता नाही.

"मला आत्ता नायट्रोजन पाहिजे," ती म्हणाली. "आत्ता. बोटभर उरलंय. ते उडून गेलं की सगळं गेलं."

"भरणारा माणूस सुट्टीवर आहे. पण... थांबा. मी स्वतः जातो. कारखाना उघडतो."

"किती वेळ?"

"मोकळं भांडं आधी गार करावं लागतं मॅडम, नाहीतर ओतलेलं सगळं उकळून जातं. मग पांढुर्लीवरून घोटीचा रस्ता. दुपार होईल."

तिने फोन ठेवला आणि सरकारी दवाखान्याच्या डॉक्टरांना लावला. त्यांच्याकडे जार होता, पाच कांड्यांना जागा तिथे सहज झाली असती. पण डॉक्टर अजून लसीकरणावर, डोंगरात, फोन लागेना. दवाखान्याला कुलूप. तिने चार वेळा लावून बघितला. पाचव्यांदा तिने फोन टेबलावर आपटला आणि लगेच उचलून काच फुटली का ते बघितलं.

तेवढ्यात दारात नाथा आला. डोक्याला फेटा, हातात काठी, आणि तोंडभर हसू. उज्वलाला ते हसू बघून रडूच आलं.

"ताई, मोरकी आली माजावर! पहाटंपासनं वरडतीया. लय वाट बघाय लावली रांडंनं. चल, भरवायची पेटी घे."

तिने त्याला बसवलं आणि सगळं सांगितलं. नाथाचं हसू हळूहळू विरलं. तो जारकडे बघत राहिला.

"म्हंजी मणेऱ्या..."

"अजून तळाला थोडं आहे, नाथाबाबा. गाडी निघालीय."

"मग एक कांडी आत्ता काढ. एक तरी गाईत जाऊ दे. बाकीच्यांचं व्हायचं ते व्हईल."

हे त्याचं म्हणणं काही चुकीचं नव्हतं, आणि तिथेच उज्वलाची पंचाईत झाली. पहाटे माजावर आलेली गाय संध्याकाळी भरवायची असते, आत्ता भरवली तर गाभण राहायची शक्यता निम्मी. आणि कांडी काढायची म्हणजे कांड्यांची डबी गळ्यापर्यंत वर ओढायची. जार भरलेला असताना त्याने काही बिघडत नाही. पण आत बोटभरच नायट्रोजन असताना डबी वर ओढली, की पाचही कांड्यांना वारा लागणार.

"आत्ता उघडला तर एकीसाठी पाचही घालवू," ती म्हणाली. "झाकण बंद राहू दे. गाडी दुपारी येते, जार भरते, आणि संध्याकाळी मोरकीला बरोबर वेळेवर भरवते मी. थांबा तुम्ही."

"आन् तवर ते उडालं तर?"

नाथाने तिच्याकडे बघितलं, मग काठी भिंतीला टेकवली.

"तू म्हणशील तसं," तो म्हणाला. "मला काय कळतंय त्यातलं."

तो उंबऱ्यावर बसून राहिला. उज्वलाने गोणपाट भिजवून जारभोवती गुंडाळलं, पंखा बंद केला, खिडकीवर चादर लावली. ह्या कशाचाही फारसा उपयोग नाही हे तिला ठाऊक होतं. पण हातावर हात धरून बसवेना. पुन्हा पट्टी घालून बघायचा मोह तिने चार वेळा आवरला.

मधेच नाशिकहून शामसुंदर सरांचा फोन आला. हे संस्थेचे सचिव, निवृत्त प्राचार्य, करार त्यांनीच केलेला. विश्वेशने त्यांना कळवलं असणार.

"उज्वला, मी शब्दकोश काढून बसलोय," सर म्हणाले. आवाज पडलेला. "बायमंथलीचे दोन्ही अर्थ दिलेत. महिन्यातून दोनदा, आणि दोन महिन्यांतून एकदा. दोन्ही बरोबर! बाय म्हणजे दोन, एवढंच तो शब्द सांगतो. दोन खेपा की दोन महिने, ते सांगतच नाही. बायवीकलीचंही तेच. मी जुन्या करारातला शब्द उचलून नव्यात ठेवला गं. जुना माणूस पंधरवड्याला यायचा, म्हणून मला शंकाच आली नाही."

"मीही वाचला होता सर तो करार," उज्वला म्हणाली. "मलाही नाही आली."

तिला सरांवर चिडायचं होतं. सकाळपासून कुणावर तरी चिडायचं म्हणून ती दात ओठ खात होती. पण सापडेचना कोणी. सर बरोबर, विश्वेश बरोबर, कॉम्प्युटर बरोबर, शब्दकोशसुद्धा बरोबर, आणि जार रिकामा. ह्याच्यापेक्षा एखाद्याने धडधडीत चोरी केली असती तर बरं झालं असतं, त्याची कॉलर तरी धरता आली असती!

दुपार कलली तेव्हा पिकअप येऊन थांबली. विश्वेश स्वतः चालवत आलेला, घामाने शर्ट चिकटलेला, मागे दोरीने बांधलेलं भांडं. त्याने काही न बोलता हातमोजे चढवले. उज्वलाने झाकण काढलं आणि पट्टी घातली.

पट्टीवर रेघ उमटली नाही. बुडाशी थोडासा पांढरा ठिपका, नखाएवढा.

"ओता," ती म्हणाली.

पांढरं धुकं जारच्या तोंडातून उसळून जमिनीवर पसरलं. नाथा उठून उभा राहिला आणि त्या धुक्याकडे बघत हात जोडल्यासारखा थांबला. विश्वेश ओतता ओतता बोलत होता, कुणी विचारलं नसताना.

"नाशिकमधली दोन हॉस्पिटलं आहेत आमच्याकडे. दोघांनीही बायवीकली लिहिलेलं. एकाला आठवड्यातून दोनदा पाहिजे होतं, एकाला दोन आठवड्यांनी एकदा. पहिल्याच आठवड्यात एकाचा ओरडायचा फोन आला, म्हणून कळलं. तेव्हापासून बायवीकली दिसलं की आम्ही फोन करून विचारतो. पण बायमंथलीचं..." त्याने भांडं आणखी वाकवलं. "तिथे चूक कळायलाच महिना लागतो ना मॅडम. कुणी ओरडलंच नाही. म्हणून विचारायचं सुचलं नाही."

जार भरला. उकळणं थांबेपर्यंत ती तिघं उभी राहिली. मग उज्वलाने डबी वर घेतली. डबीत एकावर एक दोन प्लास्टिकचे पेले असतात, खालचा आणि वरचा. खालचा बुडाशी, शेवटच्या थेंबापर्यंत नायट्रोजनात. वरचा आधी उघडा पडतो.

मणेऱ्याच्या कांड्या वरच्या पेल्यात होत्या.

त्या तिथे तिनेच ठेवल्या होत्या. लसीकरणाला जाण्याआधी, मुद्दाम. मोरकी कधीही माजावर येईल, तेव्हा शोधत बसायला नको, पटकन हाताशी लागाव्यात, म्हणून खालच्या पेल्यातून उचलून वर ठेवल्या होत्या. नाथासाठी केलेली माया ती!

तिने चिमट्याने एक काढली, कोमट पाण्यात वितळवली, काचेवर थेंब टाकला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. शुक्राणू जिवंत असते तर काचेवर मुंग्यांचं वारूळ फुटल्यासारखी धावपळ दिसली असती. काहीच हललं नाही. तिने काच सरकवली. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. सगळीकडे नुसते पडलेले.

दुसरी काढली. तीच गत. तिसरी. चौथी. प्रत्येक वेळी नाथा तिच्या पाठीमागे वाकून उभा राहायचा, आणि ती डोकं न उचलता मान हलवायची.

"पाच होत्या ना?" नाथा म्हणाला.

उज्वलाने पुन्हा डबी वर घेतली. वरच्या पेल्यात मणेऱ्याची पाचवी नव्हती. खालच्या पेल्यात बाकीच्या वळूंच्या कांड्या दाटीने उभ्या होत्या, त्यांच्यात ती नावं वाचत गेली, आणि कडेला एकटी राहून गेलेली दिसली. उचलताना तिने चारच उचलल्या होत्या. एक खाली विसरली होती.

"आहे," ती पुटपुटली. मग मोठ्याने म्हणाली, "आहे नाथाबाबा, एक आहे! खाली होती!"

नाथा लहान मुलासारखा रडायला लागला.

मोरकी नाथाच्या गोठ्यात, गावाबाहेर. विश्वेशने त्यांना पिकअपमधून नेलं, मांडीवर कांडीचं छोटं भांडं धरून उज्वला पुढे बसली. दोन्ही बाजूला भात निसवलेला, संध्याकाळचं ऊन त्यावर. नाथाची बायको कुसाबाई गाईच्या गळ्याला हात घालून उभी होती. उज्वलाने कांडी वितळवली, भरवायच्या बारीक नळीत भरली, आणि असं सावकाश, असं जपून काम केलं की तिचा खांदा भरून आला. कांडीत राहिलेला थेंब तिने काचेवर घेऊन पेटीत ठेवला. केंद्रावर परत येऊन बघितला तेव्हा काचेवर काही थोडे वळवळत होते. पुष्कळ नव्हे. पण होते.

तिने नाथाला फोन करून सांगितलं. "हलतायत."

"देवा, पांडुरंगा," नाथा म्हणाला.

नव्या करारात शामसुंदर सरांनी तो शब्दच काढून टाकला. 'दर महिन्याच्या एक तारखेला आणि सोळा तारखेला' असं मराठीत लिहिलं, आणि कारखान्यानेही सगळ्या गिऱ्हाइकांना फोन करून विचारायचं ठरवलं. नवा जार पुढच्या बैठकीत मंजूर झाला. हे सगळं किती सोपं होतं! एवढंसं लिहायला एक ओळ लागली.

सोळा तारखेला सकाळी गाडी आली. ड्रायव्हरने अंबूबाईकडून किल्ली मागितली नाही, कारण उज्वला तिथेच होती. ती आता गाडीच्या दिवशी कुठे जात नसे. जार भरला जात होता, धुकं जमिनीवर पसरत होतं, आणि दारात नाथा येऊन उभा राहिला. ह्या वेळी फेटा नव्हता. हातात काठी नव्हती.

"ताई," तो म्हणाला, "मोरकी उलटली. पहाटंपासनं वरडतीया."

गाय पुन्हा माजावर आली म्हणजे गर्भ राहिला नाही. एवढं त्याला कळत होतं आणि तिलाही. त्या रविवारी सकाळी खालची कांडी अजून पुरती बुडालेली होती. तेव्हा झाकण उघडलं असतं तर? तेव्हा गाय भरवली असती तर? ते आता कुठल्याही सूक्ष्मदर्शकात दिसणार नव्हतं.

"नाथाबाबा, मी त्या दिवशी तुमचं ऐकायला..."

"ऱ्हाऊ दे." तो जारजवळ आला. काठोकाठ भरलेल्या जारच्या तोंडातून पांढरी वाफ निघत होती. त्याने त्यात वाकून बघितलं. "लय भरलाय आज."

"हो."

"मणेऱ्याचं काय बी नाय ना ह्यात?"

"नाही."

नाथाने मान हलवली. ड्रायव्हरने पावतीवर तिची सही घेतली आणि पुढच्या एक तारखेला येतो म्हणून गाडी वळवली.

"मग दुसऱ्या कुणाची बी कांडी घे," नाथा म्हणाला. "गाय उभी हाय."

उज्वलाने पेटी उचलली.